५ मिलिअँपिअरच्या जागी ५.१८ का?

डिप्लोमाच्या कुठल्याही जर्नलमध्ये ओहमच्या नियमाचं पान उघडा. ५ व्होल्ट, १ किलोओहम, ५.०० मिलिअँपिअर असं गोंडस रीडिंग हमखास सापडेल. बाजारातला साधा रेझिस्टर आणि स्वस्त मल्टिमीटर वापरून असं रीडिंग क्वचितच येतं. बहुतेक वेळा ते आधी गणित करून मग तक्त्यात उतरवलेलं असतं.

खरं रीडिंग कसं असतं ते पाहू. तपकिरी, काळा, लाल आणि शेवटी सोनेरी पट्टा, म्हणजे १ किलोओहमचा रेझिस्टर. सोनेरी पट्टा सांगतो की बनवणारा ५ टक्क्यांची सूट घेतोय. हा नग ९५० ते १०५० ओहमच्या मध्ये कुठेही असू शकतो आणि तरीही तो निर्दोषच. आता मीटरने रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये ५.०२ व्होल्ट दाखवले, तर करंट ४.७८ ते ५.२८ मिलिअँपिअर यांच्यात यायला हवा. ही हद्द सर्किट चालू करण्यापूर्वीच जर्नलच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. मीटरने ५.१८ दाखवले की मग घाबरायचं कारण उरत नाही.

पण सूट फक्त रेझिस्टरलाच असते असं नाही, मीटरलाही असते. साध्या डिजिटल मीटरच्या माहितीपत्रकात डीसी व्होल्टेजसाठी ‘०.५ टक्के अधिक २ अंक’ अशा धर्तीचं काहीतरी छापलेलं असतं. अंक म्हणजे पडद्यावरचा शेवटचा आकडा. २० व्होल्टच्या रेंजवर तो ०.०१ व्होल्टचा, म्हणून दोन अंक म्हणजे ०.०२. त्यात ५.०२चा अर्धा टक्का, सुमारे ०.०२५, मिळवला की ५.०२ या रीडिंगमध्ये ०.०५ व्होल्ट इकडेतिकडे धरावे लागतात. करंटसाठी ‘१ टक्का अधिक २ अंक’ असेल तर तशाच हिशेबाने ५.१८ला ०.०७ मिलिअँपिअर. टक्क्यांत सांगायचं तर व्होल्टेजला साधारण ०.९ आणि करंटला १.४. भागाकारात वाईटात वाईट परिस्थितीत हे टक्के एकमेकांत मिळतात, म्हणून रेझिस्टन्सला सुमारे २.३ टक्के.

कॅल्क्युलेटर ५.०२ला ५.१८ने भागून ९६९.११ आणि पुढे बरंच काही दाखवतो. विद्यार्थी ते जसंच्या तसं उतरवतात. दुसऱ्याच अंकात शंका असताना पाचवा अंक लिहिणं निव्वळ शोभेचं आहे. ‘९७० ओहम, २० इकडेतिकडे’ हे प्रामाणिक उत्तर. पडताळा हवा असेल तर रेझिस्टर ब्रेडबोर्डवरून काढून थेट ओहमच्या रेंजवर मोजावा. तिथे ९७२च्या आसपास काही आलं, की दोन्ही रीडिंगा एकमेकांची साक्ष देतात.

दहा वेळा मोजून सरासरी काढली तर? रेझिस्टरचं मूल्य ९७०च असेल तर सरासरीही ९७०च येणार, १००० नाही. मीटर एका बाजूला झुकलेला असेल तर तो दहाही वेळा तिकडेच झुकणार. सरासरीने फक्त पडद्यावर नाचणारा आकडा स्थिरावतो.

आता मुद्दा येतो तो फसव्या फरकाचा. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर ५ व्होल्टला सीरिजमध्ये जोडा. मध्यावर २.५० व्होल्ट अपेक्षित. ५ टक्क्यांच्या सुटीने ते २.३८ ते २.६२ होऊ शकतात. चांगल्या मीटरने २.३८ दाखवले, की विद्यार्थी ‘टॉलरन्समुळे’ असं लिहून मोकळा होतो. इथे मात्र दोष बहुधा मीटर जोडण्याचा. चांगल्या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. तो एका रेझिस्टरला समांतर लागला की त्या जागी सुमारे ०.९१ मेगाओहमच उरतात आणि व्होल्टेज बरोबर २.३८वर घसरतं. बऱ्याच स्वस्त मीटरांचा रेझिस्टन्स १ मेगाओहमच असतो. तिथे तर १.६७ व्होल्टच दिसतील.

ओळखायचं कसं? आधी वरच्या रेझिस्टरवर मोजा, मग खालच्या. रेझिस्टरची सूट जबाबदार असेल तर एकावर कमी आलेले व्होल्ट दुसऱ्यावर जास्त येतील आणि बेरीज ५च्या जवळ राहील. दोन्हीकडे २.३८ येऊन बेरीज ४.७६ झाली, तर तो मीटरचा भार. मीटरची सेल उतरली असेल तर उलट घडतं. अनेक साध्या मीटरांत सगळीच रीडिंगा वाढून येतात आणि पुरवठ्याचे ५ व्होल्टसुद्धा जास्त दिसतात.

तेव्हा पुढचं प्रॅक्टिकल लिहिताना तक्त्याखाली चार गोष्टी टिपा: मीटरचं मॉडेल, रेंज, रेझिस्टरचा शेवटचा पट्टा आणि आधी काढलेली हद्द. आणि तपासणाऱ्यांनी ५.०० पाहून सही करण्याआधी मुलाला एकदा विचारावं, मीटर कुठल्या रेंजवर होता?