नेट गेलं तरी बिल निघेल

मोबाइलवरचं अ‍ॅप अपडेट झालं की ‘नवीन काय’ या मथळ्याखाली चार ओळी दिसतात. सॉफ्टवेअर कंपन्यांत त्यांना रिलीज नोट्स म्हणतात. त्या लिहिणाऱ्याच्या हाती बहुतेकदा एकच कच्चा माल असतो, रोडमॅप डेक. येत्या तिमाहीत कोणती टीम काय बांधणार, कोण कोणासाठी थांबलंय, काय केव्हा पुरं होईल, हे दाखवणाऱ्या या स्लाइड्स. कंपनीतल्या लोकांना त्या टीमनुसार लावलेल्याच हव्या असतात, कारण कुठल्या कामाबद्दल कोणाला विचारायचं हे त्यातून कळतं. ग्राहकाला मात्र या टीम्स ठाऊक नसतात, आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही.

तरीही ही मांडणी त्याच्यापर्यंत पोहोचते. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये एका लेखात म्हटलं होतं की एखादी संस्था जी प्रणाली घडवते, तिच्यात त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या संवादाची रचना उतरते. त्यांचं निरीक्षण प्रणालींबद्दल होतं. मला ते रिलीज नोट्सनाही लागू पडताना दिसतं. पाच टीम असल्या की नोट्सचे पाच भाग होतात.

समजा, छोट्या दुकानांसाठी बिल करणारं एक अ‍ॅप आहे. त्याच्या डेकमध्ये प्लॅटफॉर्म टीमच्या स्लाइडवर ‘सिंक इंजिन नव्याने’ आणि ‘डेटाबेसचं स्थलांतर’ असं लिहिलंय. मोबाइल टीमकडे ‘लोकल कॅश’ आणि ‘प्रिंटर रांग’, पेमेंट्स टीमकडे ‘डायनॅमिक क्यूआर’ आणि ‘ऑटो जुळवणी’, रिपोर्ट टीमकडे ‘एचएसएन तपासणी’, सुरक्षा टीमकडे ‘भूमिकेनुसार परवानग्या’. पाच टीम, आठ ओळी.

लिहायला बसण्याआधी खोडाखोड करावी लागते. डेक हा बेत असतो, तोही दोन-तीन महिन्यांपूर्वीचा. म्हणून आठही ओळी एका तक्त्यात उतरवायच्या आणि प्रत्येकीपुढे लिहायचं की हे आज ग्राहकाच्या फोनवर चालतंय का आणि कोणाकोणाकडे चालतंय. त्याचं उत्तर प्रत्यक्ष व्हर्जन फोनवर टाकून, साध्या ग्राहकाच्या खात्यातून शोधायचं. कंपनीतल्या माणसांच्या खात्यांवर अर्धवट सुविधाही चालू ठेवलेल्या असतात, त्यामुळे तिथून पाहिलं तर सगळंच तयार वाटतं. आपल्या उदाहरणात ‘ऑटो जुळवणी’ फक्त चाचणीसाठी निवडलेल्या दुकानांना मिळालेली निघते. ती ओळ गेली. डायनॅमिक क्यूआर चालतोय, पण अँड्रॉइडवरच. ती ओळ राहिली, अटीसकट.

मग उरलेल्या प्रत्येक ओळीपुढे ‘आधी दुकानदाराला काय करावं लागायचं, आता काय’ हे एका वाक्यात लिहायचं. क्यूआरचं वाक्य सहज होतं. काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआरमध्ये रक्कम नसते. गिऱ्हाईक ती हाताने टाकतं आणि कधी ४५० चे ४५ होतात. नव्या क्यूआरमध्ये बिलाची रक्कम आधीच भरलेली असते. एचएसएन तपासणीचंही जमतं. मालाचा कोड चुकलाय हे आधी जीएसटीआर-१ भरताना, म्हणजे दरमहा भरणाऱ्याला ११ तारखेच्या तोंडावर, समजायचं; आता बिल करतानाच समजतं. डेटाबेसच्या स्थलांतराचं वाक्य मात्र काही केल्या होत नाही. कदाचित सगळ्यात जास्त रात्री त्याच कामावर गेल्या असतील. त्याचं कौतुक कंपनीच्या बैठकीत मनापासून व्हायला हवं. नोट्समध्ये त्याला जागा नाही.

खरी गंमत उरलेल्या तीन ओळींत आहे. लोकल कॅशमुळे मालाची यादी आणि भाव फोनमध्येच राहतात. प्रिंटर रांगेमुळे बिल छापायला सर्व्हरच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. सिंक इंजिनमुळे नेट परत आलं की साठलेली बिलं क्रमाने वर जातात आणि कुठलंही दोनदा नोंदलं जात नाही. दोन टीम, तीन ओळी, आणि दुकानदारासाठी एकच गोष्ट: नेट गेलं तरी बिल निघेल.

आता कल्पना करा की सिंक इंजिन महिनाभर लांबलं. टीमनिहाय यादीत मोबाइल टीमच्या दोन्ही ओळींपुढे ‘पूर्ण’ अशी खूण असती आणि नोट्स तशाच गेल्या असत्या. दुकानदाराने नेट नसताना बिलं केली असती, संध्याकाळी साठा पाहिला असता, तर त्यातून माल वजाच झालेला नसता. फायद्यानुसार मांडणी करताना हे भोक लगेच दिसतं, कारण मथळा खरा ठरायला तिन्ही ओळी लागतात. माझ्या मते या पद्धतीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. वाचायला सोपं जाणं हा त्यानंतरचा.

मथळ्यांची निवड हे कसोटीचं काम. ‘अधिक वेगवान, अधिक सोपं’ या मथळ्याखाली आठही ओळी बसतात. म्हणजे त्याने काहीच वेगळं केलेलं नाही. योग्य मथळे सहसा मदत केंद्राला आलेल्या फोनांत सापडतात. तिथे कोणी ‘सिंक’ म्हणत नाही, ‘नेट गेलं की दुकान अडतं’ म्हणतं.

या पद्धतीला एक धोकाही आहे. फायदा सांगण्याच्या ओघात त्रासाची गोष्ट झाकली जाते. परवानग्यांचंच पाहा. आधी काउंटरवरच्या मुलालाही दिवसाची एकूण विक्री दिसायची, आता मालकाने परवानगी दिल्याशिवाय दिसत नाही. मालकाला हे हवंच होतं. पण अपडेटनंतरच्या सकाळी दुकान सांभाळणारा त्याचा भाऊ अ‍ॅप उघडतो आणि रिपोर्ट गायब असतो. असा बदल ‘तुमचा हिशेब आता सुरक्षित’ अशा मथळ्याखाली पुरून चालत नाही. तो सगळ्यात वर, वेगळा लिहायचा. तेव्हा नोट्स अशा होतात:

‘आधी हे करा: आता एकूण विक्री फक्त मालकाला दिसते. घरच्या किंवा नोकरीवरच्या कोणाला दाखवायची असल्यास सेटिंगमध्ये जाऊन त्यांना परवानगी द्या.

नेट गेलं तरी बिल निघेल: बिल करा, छापा, नेट आलं की नोंद आपोआप होईल. नेट नसताना यूपीआयचे पैसे आल्याची खात्री मात्र अ‍ॅपमध्ये होणार नाही.

रक्कम आणि कोड चुकणार नाहीत: क्यूआरमध्ये बिलाची रक्कम भरलेली असेल (सध्या फक्त अँड्रॉइडवर). चुकीचा एचएसएन कोड बिल करतानाच लक्षात येईल.’

गूगल प्ले स्टोअरवर या मजकुराला ५०० अक्षरांची मर्यादा आहे. वरचा मजकूर तेवढ्यात बसतो; मजकूर त्याहून मोठा झाला तर तिथे पहिला परिच्छेद आणि दोन मथळे ठेवून बाकीचं अ‍ॅपमधल्या पानावर न्यावं लागतं. अ‍ॅपलच्या स्टोअरवर अपडेट टप्प्याटप्प्याने सोडण्याची सोय आहे. ती निवडली तर आपोआप अपडेट होणाऱ्या फोनांपैकी पहिल्या दिवशी १ टक्क्याला नवं व्हर्जन मिळतं आणि सगळ्यांपर्यंत ते सातव्या दिवशी पोहोचतं. म्हणून सर्व ग्राहकांना ईमेल पाठवायचा असेल तर तो सातव्या दिवसानंतरच पाठवावा, नाहीतर ज्यांच्याकडे काहीच बदललेलं नाही तेही ‘कुठे आहे हे?’ विचारायला फोन करतात.

ग्राहकासाठीच्या मजकुरातून टीमची नावं गेली तरी मूळ तक्त्यातला टीमचा रकाना पुसायचा नाही. ‘नेट नसताना छापलेलं बिल दोनदा नोंदलं गेलं’ अशी तक्रार आली, तर मदत केंद्रावरच्या माणसाला त्या मथळ्यामागच्या तीन ओळी तिथेच सापडतात आणि प्लॅटफॉर्म टीमला फोन लावायचा हे लगेच कळतं.