घंटा वाजते, पण पाय हलत नाहीत

धोक्याची घंटा वाजल्यापासून माणूस बाहेरच्या वाटेला लागेपर्यंतच्या वेळेला हालचालपूर्व काळ म्हणतात. नुसत्या घंटेवरून काय घडले ते कळत नाही. म्हणून लोक आधी इतरांकडे पाहतात, चौकशी करतात, सामान आवरतात. कुणीच उठत नसेल तर तेही बसून राहतात.

इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या मॉन्युमेंट या भुयारी मेट्रो स्थानकात 1990 च्या सुमारास याचे प्रयोग झाले. नुसती घंटा वाजली तेव्हा प्रवासी हलायला आठ-नऊ मिनिटे लागली. काय झाले आणि कुठे जायचे हे ध्वनिक्षेपकावरून सांगितल्यावर ते सुमारे दीड मिनिटात निघाले.

सुटकेचे नियोजन करताना आग लक्षात येणे, इशारा मिळणे, हालचालपूर्व काळ आणि प्रत्यक्ष चालणे या वेळांची बेरीज करतात. धुराने वाट बंद होण्याआधी ती पूर्ण व्हावी लागते. समजा, चालायला दोन मिनिटे पुरतात, पण लोक पाच मिनिटे रेंगाळतात. जिना रुंद केल्याने ती पाच मिनिटे वाचत नाहीत. ती वाचतात स्पष्ट सूचनेने आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्यांमुळे. हॉटेलात माणसे झोपलेली असतात, म्हणून तिथे हा काळ अधिक धरतात.