शेजारच्या टेबलावरची बढती

बढती मिळाली की सगळं ऑफिस आपल्यावर जळतंय असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात तसं नसतं. खरेदी विभागात कोण असिस्टंट मॅनेजर झालं, याचं अकाउंट्सवाल्यांना फारसं सोयरसुतक नसतं. ते पेढा खातात, अभिनंदन करतात आणि आपल्या कामाला लागतात. खरा चटका एक-दोघांनाच बसतो, आणि ती बहुधा आपली सर्वांत जवळची माणसं असतात. अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हे नेमकेपणाने मांडलं. दुसऱ्याचं यश बोचण्यासाठी माणूस जवळचा असावा लागतो आणि आपण स्वतःला ज्या गोष्टीत जोखतो, त्याच गोष्टीतलं ते यश असावं लागतं. मैत्रिणीला गाण्याचं बक्षीस मिळालं तर आपण चार जणांना कौतुकाने सांगतो. तीच मैत्रीण आपला डोळा असलेल्या खुर्चीवर बसली की घास घशाखाली उतरत नाही.

म्हणून सगळ्या ऑफिसची काळजी सोडून आधी त्या एका माणसाचा विचार करावा. समजा, चाकणच्या बाजूला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. खरेदी विभागात एकाच वर्षी लागलेल्या, रोज एकत्र डबा खाणाऱ्या दोघी आहेत. असिस्टंट मॅनेजरची एकच जागा निघाली, दोघींनी मुलाखत दिली आणि एकीला ती मिळाली. शुक्रवारी दुपारी साहेब सगळ्यांना मेल पाठवणार आहेत.

जिला जागा मिळाली तिने साहेबांकडून अर्धा तास मागून घ्यावा आणि मेलच्या आधी मैत्रिणीला एकटीला गाठावं. कॅन्टीनमध्ये नको, चार लोकांसमोर तर नकोच. बोलणंही थोडकंच असावं. "मेल येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं. ती जागा मला मिळाली. तुला वाईट वाटणार, ते मला कळतंय. आत्ता काही बोललं पाहिजेस असं नाही." एवढं सांगून उठावं. समोरचीला चेहरा सावरायला वेळ मिळतो, आणि सगळ्यांच्या देखत हसून अभिनंदन करण्याची शिक्षा टळते. आधी सांगायची परवानगी नसेल, तर मेल पडल्यावर पहिली भेट तिची घ्यावी; पेढे त्यानंतर.

या वेळी दोन वाक्यं हटकून तोंडी येतात आणि दोन्ही घात करतात. एक, "खरं तर तूच लायक होतीस." मग तू नाही का म्हणाली नाहीस, असं तिच्या मनात येणारच. दुसरं, "अगं, नशीब माझं." आपल्याकडे ही नम्रता समजली जाते, पण हेव्याच्या बाबतीत तिचा परिणाम उलटा होतो. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाच्या नील्स व्हान डे वेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेव्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एका प्रकारात माणसाला स्वतः वर चढावंसं वाटतं, दुसऱ्यात समोरच्याला खाली खेचावंसं वाटतं. यश कष्टाचं वाटलं तर पहिल्याकडे कल जातो, फुकटचं वाटलं तर दुसऱ्याकडे. नशिबाचं नाव घेऊन आपणच आपलं यश फुकटचं ठरवत असतो.

त्यापेक्षा, कोणी विचारलं तर वाटचाल जशी झाली तशी सांगावी, फसलेल्या गोष्टींसकट. पहिल्या वर्षी एका वेंडरशी दर ठरवताना आपण कसे गंडलो, कोणती ऑर्डर चुकीची टाकली आणि ती निस्तरायला किती दिवस थांबावं लागलं, हे सांगायला लाजू नये. यशस्वी माणसाने आपली अपयशंही सांगितली तर खाली खेचणारा हेवा कमी होतो, असं हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स आणि सहकाऱ्यांच्या २०१९च्या अभ्यासात आढळलं. मात्र हे विचारल्यावरच सांगायचं. दुखावलेल्या मैत्रिणीपुढे पहिल्याच आठवड्यात हा पाढा वाचला, तर ती उपदेश ऐकायला लागलीय असं तिला वाटेल.

पगाराचा आकडा मात्र सांगू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठात काही कर्मचाऱ्यांना सहकाऱ्यांचे पगार कुठे पाहता येतात ते कळवून चार अर्थतज्ज्ञांनी परिणाम तपासले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आपला पगार कमी असल्याचं दिसलं, त्यांचं समाधान घटलं आणि नवी नोकरी शोधण्याचा विचार वाढला. ज्यांचा पगार जास्त होता, त्यांच्या समाधानात म्हणण्यासारखी भर पडली नाही. कोणी विचारलंच तर "वाढ झालीय, मी समाधानी आहे, आकडा नाही सांगत" म्हणावं. खोटा, कमी आकडा सांगितला तर तो कधीतरी उघडा पडतो.

पुढचे काही आठवडे अवघड जातात. मैत्रीण डबा दुसरीकडे खायला लागते, 'तू'वरून अचानक 'मॅडम'वर येते. हे सहन करावं. तिचंही काही हरवलेलं असतं, त्याला वेळ लागतो. रुसवा काढायला मागे लागू नये, आणि तिची कामं आपल्या अंगावर घेऊ नयेत. हा मोह फार मोठा असतो. आपल्यावर कोणी वाईट जळेल अशी धास्ती असली की माणूस जास्त मदत करायला लागतो, हेही व्हान डे वेन यांच्याच २०१०च्या प्रयोगांत दिसलं. पण तिचे उशिरा आलेले रिपोर्ट निमूट पास केले, की विभागातली बाकीची माणसं ते बरोबर टिपतात आणि मग एका नाराजीच्या चार होतात.

रुसवा वेगळा आणि कामात अडवणूक वेगळी. फरक माहितीवरून कळतो. वेंडरने सोमवारी मैत्रिणीला फोन करून सांगितलं की माल दोन दिवस उशिरा येणार. नव्या असिस्टंट मॅनेजरला ते बुधवारी कळलं आणि लाइन थांबायची वेळ आली. एकदा घडलं तर ती चूक समजावी. पुन्हा घडलं, आणि तिची माहिती इतर सगळ्यांना वेळेवर मिळून फक्त आपल्याकडेच अडत असेल, तर तिला बोलावून घ्यावं. "तू माझ्यावर जळतेस" हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळावं. त्यावर नकाराशिवाय उत्तर नसतं. तारीख आणि काम एवढंच बोलावं. "फोन सोमवारी आला, मला बुधवारी कळलं. यापुढे डिलिव्हरी पुढे गेली की त्याच दिवशी मेल टाक." आणि हा नियम सगळ्या विभागाला लावावा, तिच्या एकटीसाठी नको. तिसऱ्यांदा झालं तर तारखांसकट साहेबांकडे जावं. ही चुगली होत नाही. लाइन थांबली तर जबाबदारी आता आपली असते.

एक शक्यता आपण सहसा मान्य करत नाही: तिची नाराजी रास्त असू शकते. निकष आधी सांगितलेच नसतील, तिचं काम मुलाखतीत कोणी नीट पाहिलंच नसेल. तसं वाटत असेल तर तिला "साहेबांना निकष विचार" असं सांगावं, आणि आपणही साहेबांना तिच्याशी बोलायची विनंती करावी. साहेब मीटिंगमध्ये "हिच्याकडून शिका" म्हणत असतील, तर तेही एकट्यात जाऊन थांबवावं. त्या एका वाक्याने आठवडाभराचं सावरलेलं बिघडतं.

इतकं करूनही काही मैत्र्या पूर्वीसारख्या होत नाहीत. काम सुरळीत चालावं एवढंच आपल्या हातात असतं. बाकीचं साहेबांच्या हातात असतं, म्हणून त्यांना एक विनंती: बढतीचा मेल पाठवण्याआधी, जिची निवड झाली नाही तिला केबिनमध्ये बोलवा आणि कारण सांगा.