जागेच्या बदल्यात फ्लॅट: कराच्या दोन तारखा

जागा मालकाची, बांधकामाचा खर्च बिल्डरचा आणि उभ्या राहिलेल्या इमारतीत दोघांचा वाटा. पुण्या-नाशिकच्या कडेचे मोकळे प्लॉट गेली कित्येक वर्षं असेच विकसित होत आले आहेत. मालकाच्या दृष्टीने हा व्यवहार सोपा असतो: विकलं काहीच नाही, जागा दिली आणि फ्लॅट घेतले. आयकर खातं मात्र याकडे जमिनीची विक्री म्हणूनच पाहतं. किंमत चेकऐवजी फ्लॅटच्या रूपात मिळाली, एवढाच फरक. विक्री म्हटली की भांडवली नफा आला आणि त्यावर कर आला.

प्रश्न असतो तो हा कर कधी भरायचा आणि किती रकमेवर, याचा. मालकांची आणि कधीकधी त्यांच्या सल्लागारांचीही गफलत होते ती दोन तारखांमध्ये. पहिली तारीख जमीन हस्तांतरित झाल्याची. नोंदणीकृत विकसन करारनामा करून बिल्डरला जागेचा ताबा दिला, की आयकराच्या दृष्टीने हस्तांतर झालं. दुसरी तारीख कर लागू होण्याची. पूर्वी या दोन्ही तारखा एकच धरल्या जात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००३ सालच्या चतुर्भुज द्वारकादास कपाडिया प्रकरणातल्या निकालानंतर तर, करार करून जागा बिल्डरच्या हवाली केली त्याच वर्षी नफा मोजायचा, अशी रीत पक्की झाली. फ्लॅट अजून नकाशावर असायचे आणि कराची मागणी दारात यायची.

२०१७च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात कलम ४५(५ए) घातलं आणि दुसरी तारीख पुढे ढकलली. या कलमानुसार, प्रकल्पाचा बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला सक्षम प्राधिकरणाने ज्या आर्थिक वर्षात दिला, त्या वर्षी मालकाला कर लागतो. आपल्याकडे व्यवहारात महापालिकेच्या भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे ओसीची तारीख पाहतात. १ एप्रिल २०२६पासून लागू होणाऱ्या आयकर कायदा, २०२५मध्ये कलमांचे क्रमांक बदलतात, सूत्र तेच राहतं. पहिली तारीख मात्र कायद्याने हलवली नाही. हस्तांतर करार आणि ताब्याच्याच दिवशी होतं. पुढचे बहुतेक घोळ यातूनच निघतात.

सवलत कोणाला?

ही सवलत फक्त व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना आहे. जमीन भागीदारी संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल, तर जुनाच नियम लागू होतो. करारनामा नोंदणीकृत हवा आणि मोबदल्यात प्रकल्पातल्या जमिनीचा किंवा बांधकामाचा हिस्सा मिळायला हवा. त्याच्या जोडीला काही रोख रक्कम मिळाली तरी हरकत नाही. पण ‘फ्लॅट विकून येणाऱ्या पैशातले चाळीस टक्के मालकाचे’ असा करार असेल, तर मालकाला बांधकामाचा नव्हे, विक्रीच्या पैशाचा वाटा मिळतो. असा करार या कलमात बसत नाही. बिल्डरच्या बोलण्यात दोन्ही प्रकारांना जॉइंट डेव्हलपमेंटच म्हणतात, म्हणून सही करण्यापूर्वी मोबदल्याचं कलम नीट वाचायला हवं.

एक हिशोब

समजा, पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. वय पासष्ट. यजमानांनी १९८८ साली घेतलेला सहा हजार चौरस फुटांचा मोकळा प्लॉट त्यांना वारसाहक्काने मिळाला. सप्टेंबर २०२४मध्ये त्यांनी विकसन करारनामा नोंदवला आणि ताबा दिला. दहा फ्लॅटच्या इमारतीत चार फ्लॅट त्यांचे आणि शिवाय वीस लाख रुपये चेकने, असं ठरलं. या पैशाच्या रकमेवर बिल्डरने कलम १९४-आयसीप्रमाणे दहा टक्के, म्हणजे दोन लाख रुपये टीडीएस कापला. ओसी फेब्रुवारी २०२६मध्ये मिळाली.

आता मोबदला किती धरायचा? चार फ्लॅटचं ओसीच्या तारखेचं मुद्रांक मूल्य, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे निघणारी किंमत, अधिक मिळालेले पैसे. बिल्डर शेजारचा फ्लॅट कितीला विकतो, याचा इथे संबंध नाही. प्रत्येक फ्लॅटचं मूल्य पंचाहत्तर लाख धरलं, तर चारांचे तीन कोटी आणि वरचे वीस लाख मिळून मोबदला ३.२० कोटी झाला.

यातून जमिनीची किंमत वजा करायची. खरेदी २००१च्या आधीची असल्याने १ एप्रिल २००१ रोजीचं बाजारमूल्य घेता येतं. जमिनीसाठी मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. ते वीस लाख आहे असं मानू. २३ जुलै २०२४पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. त्याआधी घेतलेल्या जमीन-घरासाठी निवासी व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशोब करून जो कर कमी तो भरता येतो.

पहिल्या पद्धतीने नफा तीन कोटी आणि कर ३७.५० लाख. दुसऱ्या पद्धतीत निर्देशांक हस्तांतराच्या वर्षाचा, म्हणजे २०२४-२५चा ३६३ घ्यायचा, ओसीच्या वर्षाचा नव्हे. वीस लाखांचे ७२.६० लाख होतात, नफा २.४७ कोटी उरतो आणि कर सुमारे ४९.४८ लाख येतो. म्हणून बाईंनी पहिली पद्धत घ्यावी. अधिभार पंधरा टक्के आणि उपकर चार टक्के धरून देणं ४४.८५ लाखांवर जातं. पेन्शनचा कर वेगळा.

व्यवहाराची अडचण इथे दिसते. हातात आलेले पैसे वीस लाख आणि कर त्याच्या दुपटीहून जास्त. बाकीचा सगळा मोबदला विटा-सिमेंटमध्ये अडकलेला आहे.

सूट मिळते, पण जपून

घराऐवजी मोकळी जमीन दिली असल्याने इथे कलम ५४एफ लागू होतं. मोबदल्याचा जेवढा भाग एका राहत्या घरात गुंतला, त्या प्रमाणात नफ्याला सूट मिळते. मिळालेल्या चारपैकी एक फ्लॅट हे नवं घर म्हणून दाखवला, तर तीन कोटींच्या नफ्यातले सुमारे ७०.३१ लाख वजा होतात आणि अधिभार-उपकरासह कर ३४.३४ लाखांवर येतो.

चारही फ्लॅटवर सूट मागता येत नाही. २०१४च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ‘एक’ घर असं स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय हस्तांतराच्या दिवशी मालकाकडे एकापेक्षा जास्त राहती घरं असतील, तर ही सूट मिळतच नाही. आणखी एक अट फारशी कोणी सांगत नाही: हस्तांतरानंतर तीन वर्षांत दुसरं घर बांधलं, तर घेतलेली सूट जाते. उरलेले तीन फ्लॅट मालकानेच बांधले असा अर्थ खात्याने लावला, तर वाद उभा राहू शकतो. अशा प्रकरणात सूट घेण्यापूर्वी सीएकडून लेखी मत घेतलेलं बरं.

पन्नास लाखांपर्यंतचे कलम ५४ईसीचे रोखे घेऊन कर वाचवू, असं अनेकांच्या मनात असतं. या रोख्यांची सहा महिन्यांची मुदत हस्तांतराच्या तारखेपासून मोजली जाते. कायद्याचा शब्दशः अर्थ घेतला, तर बाईंची मुदत मार्च २०२५मध्येच संपली. कर लागू होण्याच्या तारखेबरोबर ही मुदतही पुढे गेली, असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे ओसी आल्यावर रोखे घेऊ, या भरवशावर राहणं धोक्याचं आहे.

ओसीच्या अलीकडे आणि पलीकडे

पैशाची सोय एखादा फ्लॅट विकून करता येते. मात्र तो ओसीच्या आधी विकला की ओसीच्या दिवसापर्यंत थांबण्याची सवलत जाते आणि कर विक्रीच्या वर्षातच येतो. सवलत विकलेल्या फ्लॅटपुरती जाते की सगळ्या हिश्श्याची, यावरही वाद होऊ शकतो. ओसीनंतर विकला, तर चित्र वेगळं दिसतं. ज्या मूल्यावर कर लागला, तीच त्या फ्लॅटची खरेदी किंमत धरली जाते. बाईंनी मेमध्ये एक फ्लॅट ऐंशी लाखांना विकला, तर नवा नफा फक्त पाच लाखांचा. तो अल्पकालीन असेल, पण रक्कम छोटी आहे. सूट घेतलेला फ्लॅट मात्र तीन वर्षं विकता येणार नाही.

बाई साठीच्या पुढच्या आहेत आणि त्यांना धंद्याचं उत्पन्न नाही, म्हणून आगाऊ कराची सक्ती नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, ३१ जुलैपर्यंत कर भरला तरी चालतो, म्हणजे विक्रीला काही महिने मिळतात. साठीच्या आतल्या मालकाला मात्र फेब्रुवारीत ओसी आली की आगाऊ करासाठी १५ मार्चच्या आत पैसे उभे करावे लागतात. टीडीएसचे दोन लाख मागे २०२४-२५मध्ये कापलेले असले, तरी नफा ओसीच्या वर्षाचा आहे, म्हणून वजावटही त्याच वर्षीच्या विवरणपत्रात घ्यायची.

किल्ल्या कधी मिळाल्या, याला कायद्यात महत्त्व नाही. ओसी आली पण भांडणामुळे ताबा अडला, तरी कराचं वर्ष ठरून गेलेलं असतं. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे ‘संपूर्ण किंवा काही भागाचा’ दाखला, असे कलमाचे शब्द आहेत. दोन विंगच्या प्रकल्पात पहिल्या विंगला भाग-ओसी मिळाली आणि मालकाचे फ्लॅट दुसऱ्या, अर्ध्यावर असलेल्या विंगमध्ये असले, तरी खातं त्याच वर्षी पूर्ण कर मागू शकतं.

म्हणून या कराची निम्मी लढाई करारनाम्यातच जिंकायची असते. मालकाचे फ्लॅट क्रमांकानिशी लिहावेत आणि ते पहिली ओसी मिळणाऱ्या विंगमध्येच असावेत. ओसीसाठी अर्ज केल्यावर बिल्डरने लेखी कळवावं, अशी अट असावी. मालकाच्या फ्लॅटवरचा जीएसटी कोण भरणार, तेही लिहून घ्यावं. आणि पैशाच्या रूपात मिळणारा हिस्सा ठरवताना येणाऱ्या कराचा अंदाज आधी काढावा. वर पाहिलेल्या व्यवहारात वीस लाखांऐवजी पंचेचाळीस लाख रोख आणि त्या प्रमाणात फ्लॅटचं थोडं कमी क्षेत्रफळ मागितलं असतं, तर एकूण कर जवळपास तेवढाच राहिला असता आणि तो भरण्यासाठी घाईने फ्लॅट विकण्याची वेळ आली नसती.