उबवणी केंद्राकडे जाताना : पाच मिनिटांत आपले यंत्र कसे मांडावे?



अंडी उबवण्याचे यंत्र आपण पाहिले आहे. पिल्लू बाहेर येऊन हिंडू-फिरू लागेपर्यंत त्याला ऊब द्यावी लागते. नव्या धंद्यालाही अशी ऊब देणारी केंद्रे आहेत. त्यांना इन्क्युबेशन सेंटर म्हणतात. राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली 2018-19 पासून शेतीतल्या नव्या उद्योगांसाठी अशी केंद्रे सुरू झाली. हैदराबादची ‘मॅनेज’ ही संस्था आणि मुंबईच्या माटुंग्यातील कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ‘सिरकॉट’ यांची केंद्रे त्यांतलीच. निवड झाल्यास प्रशिक्षण व तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. कल्पना अजून प्राथमिक अवस्थेत असेल तर 5 लाखांपर्यंत, आणि कंपनी नोंदवून माल तयार असेल तर 25 लाखांपर्यंत साहाय्य मिळते. हे कर्ज नव्हे. मात्र खर्चाचा काही वाटा आपल्याला पदरचा घालावा लागतो आणि रक्कम हप्त्याहप्त्याने, काम पाहून मिळते.

आमच्या भागातील एका शेतकरी बंधूंनी तुरीचे शेंडे खुडण्याचे यंत्र बनवले. सायकलच्या चाकावर चौकट, तिच्यावर बॅटरीवर फिरणारी दोन पाती. एका फेरीत दोन ओळी खुडल्या जातात. ते निवड समितीपुढे गेले आणि पाचही मिनिटे मोटार, पाती व बेअरिंग यांचीच माहिती सांगत बसले. समितीने विचारले, "एकरी खर्च किती वाचतो?" उत्तर आले, "बराच वाचतो, साहेब." निवड झाली नाही. यंत्र चांगले होते, पण आकडा नव्हता.

म्हणून पहिली तयारी वहीची. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने शेंडे खुडतात, म्हणजे चाचणी फक्त त्याच दिवसांत होते. अर्ज निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. तोवर तूर फुलावर आलेली असते. आमच्या बंधूंनी पुढच्या हंगामात दहा शेतांवर यंत्र चालवले आणि दर वेळी क्षेत्र, लागलेला वेळ, मजुरी आणि न खुडता राहिलेली झाडे लिहून ठेवली.

दुसरी तयारी हिशेबाची. त्यांचा हिशेब असा निघाला : हाताने खुडायला एकरी चार बायका, 300 रुपयांप्रमाणे 1,200 रुपये. यंत्रावर एक माणूस दिवसात चार एकर उरकतो. मजुरी व चार्जिंग धरून एकरी 150 रुपये. यंत्र भाड्याने दिले आणि एकरी 450 रुपये घेतले, तर मालकाला 300 उरतात आणि शेतकऱ्याचे 750 वाचतात. यंत्राची किंमत 15,000 रुपये, म्हणजे 50 एकरांत, साधारण तेरा दिवसांत, ती वसूल होते.

आता बोलण्याचा क्रम. पहिल्या मिनिटात अडचण सांगा : खुडणी वेळेवर झाली नाही तर फांद्या कमी फुटतात आणि नेमके त्याच दिवसांत मजूर मिळत नाहीत. दुसऱ्यात यंत्र चालतानाचे चित्र दाखवा. भागांची नावे विचारली तरच सांगा. तिसऱ्यात वहीतले आकडे. चौथ्यात गिऱ्हाईक कोण ते सांगा. पाचव्यात मागणी : तीन सुधारित यंत्रे 60,000, चाचणी व अहवाल 40,000, पात्यांचे साचे 2,00,000, एकूण 3 लाख, त्यांतले 30 हजार पदरचे. "जमेल तेवढे द्या" असे म्हणू नका.

समिती दोन प्रश्न हमखास विचारते. एक, "अशी यंत्रे बाजारात आहेतच, मग तुमचे वेगळे काय?" इथे "कुठेच नाही" असे म्हणाल तर तिथेच फसाल. हातात धरायची यंत्रे मिळतात हे कबूल करा आणि एका फेरीत दोन ओळी होतात, खांद्यावर वजन येत नाही, असे सांगा. दुसरा, "हंगाम वीस दिवसांचा, मग उरलेले वर्ष काय?" याचे खरे उत्तर आधी शोधून ठेवा. आमच्या बंधूंनी तीच चौकट कोळपणीला लावून पाहिली; सुक्या रानात चालली, ओल्या काळ्या जमिनीत चाक रुतले. त्यांनी हेही समितीला सांगितले आणि चाकाची रुंदी वाढवण्यासाठीच सल्ला हवा, असे म्हटले. समितीला ते पटले आणि या वेळी निवड झाली.

शेवटी एक सावधगिरी. सही करण्यापूर्वी करारनामा वाचून घ्या. काही केंद्रे मदतीच्या बदल्यात कंपनीत थोडा हिस्सा मागतात. हिस्सा किती, हप्ता कोणत्या कामावर सुटणार आणि काम फसले तर काय, हे विचारायला लाजू नका. योजनेच्या अटी बदलत असतात. त्या-त्या वर्षीची जाहिरात पाहूनच अर्ज भरा.

यंदा शेंडे खुडायला जाल तेव्हा खिशात वही आणि पेन्सिल असू द्या. अर्ज तिथूनच सुरू होतो.