मीठ की कोळसा? आधी मेमधला रोध मोजा

नाशिकमध्ये काळी माती अनेकदा थोड्याच खोलीवर संपते आणि बेसाल्ट लागतो. पावसाळ्यातला अर्थ रोध म्हणून फसवा. खरी परीक्षा मे महिन्यात.

मोजताना अर्थिंगची जोडणी सुरक्षितपणे सोडवा. पाइपपासून २५ मीटरवर करंटची खुंटी ठोका आणि त्याच रेषेत सुमारे १५.५ मीटरवर व्होल्टेजची. नंतर व्होल्टेजची खुंटी दीड मीटर पुढे आणि मागे सरकवून पाहा. तिन्ही वाचने जवळपास सारखी आली तरच आकडा खरा. सलग वाढत गेली, तर करंटची खुंटी आणखी दूर न्या.

आता खड्डा. समजा, मातीची रोधकता १०० ओहम-मीटर, पाइप अडीच मीटर लांब आणि ४० मिलिमीटर व्यासाचा.

`R = (ρ/2πL) × ln(4L/d)`

उत्तर सुमारे ३५ ओहम. भोवती ३०० मिलिमीटर व्यासाचा खड्डा भरला आणि ते भरण अगदी आदर्श वाहक मानले, तरी रोध २२ ओहमपर्यंतच उतरतो, कारण उरलेला रोध बाहेरच्या मातीत असतो.

मीठ झिरपून ती मातीही सुधारते, त्यामुळे सुरुवातीचे वाचन आणखी कमी येते. पण पावसाने मीठ वाहून जाते आणि ते जीआय पाइपही गंजवते. कोळसा धुऊन जात नाही, ओलावा धरतो. मात्र तो कोरडा पडू द्यायचा नाही. माझी पसंती कोळशाला, आणि रोध आणखी उतरवायचा तर जादा मिठाऐवजी पुरेशा अंतरावर दुसऱ्या पाइपला.