दिव्याच्या बुडाशी काय आहे?

दिवाळीत सोसायटीतल्या शेजाऱ्यांना द्यायला एलईडी दिव्यांचा खोका सोयीचा वाटतो. तेल सांडत नाही, वात लावावी लागत नाही, पोर जवळ गेलं तरी भाजायची भीती नाही. म्हणून लहान मूल असलेल्या घरी तर तो आवर्जून दिला जातो. पण दिवा उलटा करून पाहिला, तर बुडाशी प्लॅस्टिकचं छोटं झाकण दिसतं. बहुतेक स्वस्त दिव्यांत त्याला स्क्रू नसतो. नख घातलं की ते उघडतं आणि आतला चकचकीत सेल हातात येतो.

हा सेल बहुधा सीआर २०३२ या जातीचा असतो. त्याचा व्यास २० मिलिमीटर, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, आणि दाब ३ व्होल्ट. सव्वा-दीड वर्षाच्या मुलाने तो गिळला तर अन्ननलिकेत नेमका अडकावा असाच हा आकार आहे. तिथल्या ओलाव्यातून सेलची वीज वाहू लागते आणि त्याच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. ती आतलं अस्तर जाळते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. दिवा लागेनासा झाला म्हणून काढून ठेवलेल्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढी वीज उरलेली असते.

अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये दीड वर्षाची एक मुलगी रिमोटमधला असाच सेल गिळून दगावली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये तिथे मुलीच्याच नावाने कायदा झाला. सेलचा कप्पा मुलांना सहज उघडता येऊ नये, हे त्यामुळे घरात वापरायच्या वस्तूंनाही बंधनकारक झालं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. ती पाहूनच खेळणं घ्यावं. मात्र शोभेचा दिवा, गाणारं शुभेच्छापत्र, फ्रिजवर लावायची वस्तू ही खेळणी नव्हेत. त्यामुळे इथे तपासणीचं काम देणाऱ्यानेच करायला हवं.

तपासणी पाच मिनिटांची आहे. आधी वस्तू उलटी करून कप्पा शोधायचा. स्क्रू असेल तर तो घट्ट आहे ना, हे स्क्रूड्रायव्हरने पाहायचं. नसेल तर नखाने झाकण उचलून पाहायचं. मग वस्तू कानाशी धरून हलवायची. आत काही खुळखुळलं तर सेल सैल आहे. शेवटी ती कमरेच्या उंचीवरून फरशीवर दोन-तीनदा टाकायची, कारण मूल ती आपटणारच. सहा दिव्यांपैकी एकाचंही झाकण उडालं, तर अख्खा खोका त्या घरी देऊ नये. झाकणावर चिकटपट्टी लावून भागत नाही. पट्टी सोलणं हा त्या वयाचा आवडता उद्योग आहे. खोक्याच्या कोपऱ्यात जादा सेलची पुडी असते, तीही बघून काढायची. शुभेच्छापत्रात तर सेल दोन कागदांच्या मध्ये असतो आणि कागद फाटायला किती वेळ लागतो? दिवेच द्यायचे असतील तर पेन्सिल सेलवर चालणारे, स्क्रूच्या झाकणाचे घ्यावेत.

चुंबकाची गोष्ट वेगळी. एकच गुळगुळीत चुंबक गिळला तर तो बहुधा शौचावाटे पडतो. दोन गिळले, किंवा एक चुंबक आणि एखादा लोखंडी तुकडा गिळला, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात. मधली भिंत चिमटते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि तिथे भोक पडतं. बाहेरून दिसते ती फक्त पोटदुखी आणि उलटी, म्हणून बाधलं असेल असं समजून दिवस जातात. मोत्याएवढ्या चंदेरी चुंबकगोळ्यांचा संच त्यामुळे चिमुकलं असलेल्या घरी देऊच नये, तो मोठ्या भावासाठी असला तरी. इतर वस्तूंवरून टाचणी फिरवावी. ती चटकन चिकटली, तर आतला चुंबक नुसता गोंदाने लावलाय का, हे बोटाने ओढून पाहावं.

एवढं करूनही कुणी सेल गिळल्याची शंका आली, तर लाळ गळण्याची किंवा खोकल्याची वाट न बघता एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. उलटी करवू नये. मूल वर्षावरचं असेल, नीट गिळत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यासाठी निघायला मात्र उशीर करू नये. एक्स-रेमध्ये सेल नाण्यासारखाच गोल दिसतो, फक्त त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ असतं. म्हणून घरात असा दिवा आहे, हे डॉक्टरांना पोहोचताक्षणी सांगावं आणि जमल्यास तसाच दुसरा दिवा सोबत न्यावा.